नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाची विभागणी: ट्रीमॅप की वृत्तालेख?

मराठवाड्यातील एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या लेखा विभागासाठी मी काही आठवडे काम केले. अंदाजपत्रकाची पुस्तिका छापण्यापूर्वी तिच्या पहिल्या पानावर एकच चित्र द्यावे, आणि ‘शहराचा पैसा कोठे जातो’ हे सर्वसाधारण सभेतील सदस्यांना आणि नंतर नागरिकांना त्या चित्रावरून कळावे, एवढे ते काम होते. मुख्याधिकाऱ्यांना वृत्तालेख हवा होता, कारण दहावीच्या गणितात तो सर्वांनी काढलेला असतो. मी ट्रीमॅप सुचवला होता, म्हणजे रकमांच्या प्रमाणात लहानमोठ्या खोक्यांत कापलेला एक आयत. शेवटी दोन्ही वापरले गेले, पण दोन वेगळ्या कागदांवर आणि दोन वेगळ्या प्रश्नांसाठी. तो निर्णय कसा झाला याची ही नोंद आहे. नगरपरिषदेचे नाव येथे दिलेले नाही. आकडेही मोजणीला सोपे पडावेत म्हणून बदलून बेतलेले आहेत, त्यामुळे ते कोणत्याही शहराचे खरे आकडे म्हणून घेऊ नयेत.

आधी ‘एकूण’ म्हणजे काय

पहिल्या मसुद्यात मी एक चूक केली, आणि ती आकृतीच्या प्रकाराशी संबंधित नव्हती. पुस्तिकेच्या खर्च बाजूची शेवटची बेरीज ७२ कोटी रुपये होती. ती मी जशीच्या तशी घेतली आणि तिचे ३६० अंशांत भाग पाडले. या ७२ कोटींमध्ये ३ कोटी ही वर्षाअखेरची शिल्लक होती, म्हणजे न झालेला खर्च. आणखी ९ कोटी ठेकेदारांच्या अनामत रकमांचा परतावा आणि शासनाकडे भरणा करावयाचे कर यांचे होते. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर नगरपरिषद मालमत्ता कराच्या बिलातूनच वसूल करते, पण तो पैसा शासनाचा असतो आणि नगरपरिषदेच्या हातून फक्त पुढे जातो. पुस्तिकेत ही रक्कम दोन्ही बाजूंना दाखवावीच लागते, कारण जमाखर्च जुळायला हवा. शहराचा पैसा कोठे जातो या प्रश्नाच्या उत्तरात मात्र तिला जागा नाही.

वृत्तालेखात ही चूक लगेच दिसली नाही, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ९ कोटींची पाकळी स्वच्छतेच्या पाकळीएवढीच होती, कारण स्वच्छतेवरही ९ कोटीच होते. दोन सारख्या पाकळ्या समोरासमोर आल्या आणि चित्र अधिकच नेटके दिसू लागले. वर्तुळ भरलेले असते आणि भरलेले वर्तुळ पूर्ण वाटते. त्यामुळे त्यात काय घ्यायला नको होते, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येत नाही. लेखापाल मॅडमनी मात्र एका वाक्यात विचारले, “सर, हे शासनाचे पैसे आपण खर्च म्हणून दाखवायचे का?” शिल्लक, अनामत आणि शासनाचे कर वजा करून ६० कोटी उरले. वेतनाचा हिस्सा ७२ कोटींपैकी २०.८ टक्के होता, तो ६० कोटींपैकी बरोबर २५ टक्के झाला. वृत्तालेख काय आणि ट्रीमॅप काय, दोन्ही भागाकारावर उभे असतात. छेद चुकला तर दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने चूक दाखवतात.

६० कोटींची विभागणी अशी होती. वेतन व निवृत्तिवेतन १५ कोटी, पाणीपुरवठा १२, रस्ते व नाल्या ११.४, स्वच्छता व घनकचरा ९, पथदिवे ३.६ आणि घरकुल ३. उद्याने व वाचनालय यांवर १.८, कार्यालयीन व इतर बाबींवरही १.८ कोटी होते. अग्निशमन आणि महिला व बालकल्याण यांवर प्रत्येकी ०.९, तर दिव्यांग कल्याणावर ०.६ कोटी. अशी अकरा मुख्य शीर्षे होती आणि प्रत्येकाच्या पोटात आणखी तीन ते पाच लेखाशीर्षे. उदाहरणार्थ, पाण्याच्या १२ कोटींत उपशाचे वीजबिल ६ कोटी, देखभाल-दुरुस्ती २.४, नवी जलवाहिनी २.१, जलशुद्धीकरणाची रसायने ०.९ आणि टँकर ०.६ कोटी.

वृत्तालेख काढून पाहिला

आडव्या ए-४ पानावर शीर्षक आणि टिपा सोडून सुमारे २० बाय १५ सेंटीमीटर जागा मिळते. त्यात वर्तुळ १५ सेंटीमीटर व्यासाचे बसते आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटीमीटर होते. जागा ३०० चौरस सेंटीमीटर असताना वर्तुळाने जवळजवळ ४१ टक्के कागद कोपऱ्यांत आणि बाजूंना सोडून दिला. ती मोकळी जागा वाया जात नाही असे म्हणता येईल, कारण तेथे सूची बसते. पण सूची लागते हीच खरी अडचण होती.

केंद्रीय कोन काढण्याचे सूत्र शाळेतलेच आहे: घटक भागिले एकूण, गुणिले ३६०. वेतनाचा कोन ९० अंश आला. हा काटकोन असल्याने पाहणाऱ्याला मोजावे लागत नाही; ‘चार आणे पगारात’ हे वाक्य नजरेनेच वाचले जाते. पाव आणि अर्धा हे भाग वर्तुळात जितके स्पष्ट दिसतात तितके दुसऱ्या कोणत्याही आकृतीत दिसत नाहीत, आणि ही वृत्तालेखाची खरी ताकद आहे. पाण्याचा कोन ७२ अंश आणि रस्त्यांचा ६८.४ अंश. हा ३.६ अंशांचा फरक डोळ्याला कळत नाही. पुढे पथदिव्यांपासून खाली सात शीर्षे मिळून ७५.६ अंशांत कोंबली गेली. दिव्यांग कल्याणाची पाकळी ३.६ अंशांची, म्हणजे परिघावर तिची रुंदी पावणेपाच मिलिमीटर आणि केंद्राकडे जाताना शून्य. तिच्यात नाव लिहिणे शक्यच नव्हते. म्हणून नाव सूचीत गेले, आणि सूचीशी जोडणारा धागा फक्त रंगाचा उरला.

पुस्तिकेच्या पन्नास प्रती रंगीत छापल्या जातात आणि बाकीच्या झेरॉक्स होतात. अकरा रंगांची सूची झेरॉक्समध्ये राखाडीच्या तीन-चार छटांची होते. मी मसुद्याची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली, तेव्हा पथदिवे कोणते आणि घरकुल कोणते हे मला स्वतःलाच सांगता आले नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे लहान पाकळ्या एकत्र करून ‘इतर’ करणे. तोही करून पाहिला. वेतन २५, पाणी २०, रस्ते १९, स्वच्छता १५ आणि इतर २१ टक्के. चित्र स्वच्छ झाले, पण ‘इतर’ ही पाण्याहूनही मोठी, दुसऱ्या क्रमांकाची पाकळी झाली. सभेत ज्यांवर सर्वाधिक प्रश्न विचारले जातात ती दिव्यांग, महिला व बालकल्याण आणि अग्निशमन ही शीर्षे नेमकी तिच्यात नाहीशी झाली.

ट्रीमॅप काढून पाहिला

ट्रीमॅप ही कल्पना मेरीलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन यांनी १९९० च्या सुमारास मांडली. चौदा जण वापरत असलेल्या ८० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कवर कोणी किती जागा अडवली आहे, हे त्यांना पाहायचे होते. फोल्डरच्या पोटात फोल्डर असतात, म्हणून आयताच्या पोटात आयत. अंदाजपत्रकाची रचनाही अशीच आहे: मुख्य शीर्षाच्या पोटात लेखाशीर्ष, त्याच्या पोटात काम. वृत्तालेख एकाच पातळीची विभागणी दाखवतो. दुसरी पातळी दाखवायला बाहेरून दुसरे कडे काढता येते, पण चाळीसेक लेखाशीर्षांसाठी त्या कड्यावर अक्षरे आडवीतिडवी फिरतात आणि वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते.

२० बाय १५ सेंटीमीटरचा आयत घेतला, तर ६० कोटींना ३०० चौरस सेंटीमीटर मिळतात, म्हणजे एका कोटीला ५ चौरस सेंटीमीटर. आयत रचण्याची आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत ब्रुल्स, हाउझिंग आणि फान वाइक या आइंडहोव्हन येथील संशोधकांनी २००० मध्ये मांडली. तिचा हेतू असा की खोकी शक्य तितकी चौरसाच्या जवळ राहावीत. रकमा मोठ्याकडून लहानाकडे लावायच्या आणि उरलेल्या जागेच्या आखूड बाजूला एकेक खोके ठेवत जायचे. नवे खोके घेतल्याने त्या रांगेतील सर्वांत लांबट खोके आणखी लांबट होत असेल, तर रांग तेथेच थांबवायची.

हे हाताने करून पाहिले की पद्धत नीट कळते. वेतनाचे खोके ७५ चौरस सेंटीमीटरचे. ते एकटे डाव्या कडेला उभे केले तर ५ बाय १५ ची पट्टी होते, लांबी-रुंदीचे गुणोत्तर ३. त्याच स्तंभात पाण्याचे ६० घातले तर स्तंभ ९ सेंटीमीटर रुंद होतो. वेतन ९ बाय ८.३ आणि पाणी ९ बाय ६.७, दोन्ही आटोपशीर. रस्त्यांचे ५७ सुद्धा त्यातच घातले तर स्तंभ १२.८ सेंटीमीटर रुंद होतो आणि खोकी पुन्हा लांबट होतात, म्हणून रांग दोनांवर थांबते. उरलेल्या ११ बाय १५ च्या जागेत वरच्या बाजूला रस्ते ६.१५ बाय ९.३ आणि स्वच्छता ४.८५ बाय ९.३ असे उभे राहतात, आणि खाली उरलेल्या ११ बाय ५.७ च्या पट्ट्यात बाकीची सात शीर्षे बसतात.

येथे दिव्यांग कल्याणाला ३ चौरस सेंटीमीटर मिळाले. वर्तुळात त्याला १.८ मिळत होते. शिवाय हे क्षेत्र निमुळते नसून आयताकार असल्याने नाव आतच लिहिता येते. सूची लागत नाही, आणि झेरॉक्समध्ये रंग गेले तरी नावे आणि रेषा राहतात. पाण्याच्या ९ बाय ६.७ च्या खोक्यात उपशाच्या वीजबिलाला ३० चौरस सेंटीमीटर, म्हणजे डावा अर्धा भाग मिळाला. शहराच्या पाण्यावरचा निम्मा पैसा पाण्यावर नसून ते दूरच्या धरणातून चढवून आणण्याच्या विजेवर जातो, ही गोष्ट पुस्तिकेच्या एकविसाव्या पानावर आधीपासून होती. ती पहिल्या पानावर दिसल्यावर एका ज्येष्ठ नगरसेविकांनी बोट ठेवून विचारले, “हे एवढं बिल फक्त मोटारीचं?” मला हवा होता तो प्रश्न हाच होता, आणि वृत्तालेखाच्या एकाही मसुद्यातून तो निघाला नव्हता.

कोठे बिघडले

ट्रीमॅप छापायला देण्यापूर्वी आम्ही तो कार्यालयात आलेल्या आठ जणांना दाखवला आणि प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारल्या: सर्वांत जास्त पैसा कोठे जातो, पाणी आणि रस्ते यांत जास्त कोणाला, आणि टँकरवर खर्च आहे का. आठ हा आकडा काही सिद्ध करायला पुरेसा नाही, पण चुका पकडायला तो पुरला.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे सर्वांनी बरोबर दिली. दुसऱ्या प्रश्नाला पाच जणांनी ‘रस्ते’ म्हटले. पाण्याचे खोके ६० आणि रस्त्यांचे ५७ चौरस सेंटीमीटरचे होते, पण पाण्याचे आडवे पसरलेले आणि रस्त्यांचे उभे होते, आणि उभे खोके डोळ्याला मोठे भासत होते. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या एका काकांनी कारण माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगितले. ते म्हणाले, “हे वावराच्या नकाशासारखं आहे. लांब पट्टी आन चौकोनी तुकडा, गुंठे सारखेच असले तरी नजर फसती. आम्ही बांधावरून सांगत नाही, सातबारा बघतो.” क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये जो क्रम मांडला त्याचा आशय हाच आहे. एका रेषेवरची जागा आपण सर्वांत अचूक वाचतो, लांबी आणि कोन त्याहून कमी अचूक आणि क्षेत्रफळ आणखी कमी. म्हणजे जवळजवळ सारख्या दोन रकमांची तुलना करायची असेल, तर ट्रीमॅप वृत्तालेखाहून काकणभर वाईटच ठरेल. आडवे स्तंभ काढले असते तर १२ सेंटीमीटर आणि ११.४ सेंटीमीटर या दोन पट्ट्यांतला ६ मिलिमीटरचा फरक लहान मुलानेही सांगितला असता.

काकांचा ‘सातबारा’ आम्ही शब्दशः घेतला. प्रत्येक खोक्यात नावाखाली कोटींतील रक्कम छापली आणि शीर्षकाखाली एक ओळ घातली, ‘खोक्याचे क्षेत्रफळ म्हणजे रक्कम; नेमकी तुलना आकड्यांवरून करावी.’ दुसऱ्या फेरीत वेगळ्या सहा जणांना विचारले, तेव्हा सर्वांनी ‘पाणी’ सांगितले. त्यांनी ते आकडा वाचून सांगितले, खोके पाहून नव्हे. हे मान्य केले पाहिजे, कारण याचा अर्थ या तुलनेत चित्राचा वाटा शून्य होता.

दुसरी अडचण सर्वांत लहान खोक्याची होती. रचनेची पद्धत शेवटच्या खोक्याला उरेल ती जागा देते. दिव्यांग कल्याण शेवटचे असल्याने त्याच्या वाट्याला ०.९ बाय ३.३ सेंटीमीटरची उभी पट्टी आली. क्षेत्रफळ बरोबर होते, पण नऊ मिलिमीटर रुंदीत ‘दिव्यांग कल्याण’ हे शब्द आडवे बसत नाहीत, आणि देवनागरी अक्षरे एकाखाली एक लिहिली तर शिरोरेषा तुटून शब्दाचा शब्दपणाच जातो. एक्सेलमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून ट्रीमॅप आहे, पण त्यात नाव बसले नाही की ते नाव गुपचूप गाळले जाते आणि खोक्यांची जागा आपल्याला हलवता येत नाही. पहिल्या छापील नमुन्यात ते खोके निनावी आले होते, आणि दिव्यांग संघटनेचे कार्यकर्ते दुसऱ्या दिवशी कार्यालयात येणार होते.

म्हणून शेवटची तीन खोकी, अग्निशमन, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग कल्याण, मी हाताने नव्याने रचली. त्यांची एकत्र जागा ३.६७ बाय ३.२८ सेंटीमीटर होती. ती तीन आडव्या ओळींत कापली, १.२३, १.२३ आणि ०.८२ सेंटीमीटर उंचीच्या. पद्धतीच्या हिशेबाने ही रचना अधिक वाईट आहे, कारण शेवटच्या खोक्याचे गुणोत्तर ३.६ वरून ४.५ झाले. पण ३.६७ सेंटीमीटर रुंदीत नाव आणि रक्कम एका ओळीत नीट बसतात. लॅटिन लिपीतील शब्द फिरवून उभा लिहिला तरी चालून जातो. मराठी मजकुरासाठी खोके चौरस असण्यापेक्षा आडवे असणे अधिक उपयोगी पडते, असे मला या कामात वाटले. अंतिम आकृती त्यामुळे इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मिलिमीटर मापाने काढावी लागली. मुख्य शीर्षांच्या सीमा जाड आणि आतल्या बारीक ठेवल्या, म्हणजे काकांच्या भाषेत बांध आणि सरी यांतला फरक.

एक टक्का की पाच टक्के

दिव्यांग कल्याणाच्या खोक्यावरून आणखी एक प्रश्न आला, आणि तो दोन्ही आकृत्यांच्या मर्यादेचा होता. स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते. चित्रात मात्र हे खोके एकूण खर्चाच्या एक टक्का दिसत होते. संघटनेच्या एका ताईंनी शांतपणे विचारले, “नियम पाच टक्क्यांचा आहे, मग चित्रात एकच टक्का कसा?” दोन्ही बरोबर होते. नगरपरिषदेचे स्वउत्पन्न १२ कोटी आणि त्याचे पाच टक्के म्हणजे ०.६ कोटी. उरलेले ४८ कोटी शासनाचे वेतनासाठीचे अनुदान, वित्त आयोग आणि वेगवेगळ्या योजनांमधून येणारे होते. विभागणी दाखवणारी कोणतीही आकृती सगळ्या भागांना एकच छेद लावते. ज्या शीर्षाचा नियम वेगळ्या छेदावर बांधलेला आहे, त्याच्याबद्दल ती खोटे न बोलताही गैरसमज निर्माण करते. त्या खोक्याला तारांकन देऊन पानाच्या तळाशी ‘स्वउत्पन्नाच्या ५ टक्के’ असे लिहिले. ताईंचे समाधान चित्राने झाले नाही, त्या तळटिपेने झाले.

याच प्रश्नातून रंगाचा उपयोग सापडला. पहिल्या मसुद्यात मी प्रत्येक शीर्षाला वेगळा रंग दिला होता. ट्रीमॅपमध्ये त्याची गरजच नव्हती, कारण जागा आणि सीमा ते काम करतच होत्या. रंग मोकळा झाला. मग ज्या पैशाचा वापर आधीच ठरलेला असतो, म्हणजे योजनेचा किंवा बंधित निधी, ती खोकी तिरप्या रेघांनी भरली. ज्यावर सभा खरोखर निर्णय घेऊ शकते ती कोरी ठेवली. रेघा झेरॉक्समध्येही टिकतात. रस्त्यांच्या ११.४ कोटींपैकी ८.४ कोटी रेघांखाली गेले, आणि सदस्यांच्या लक्षात आले की ज्या शीर्षावर सभेत सर्वाधिक वेळ जातो त्यात त्यांच्या हातात ३ कोटीच आहेत. वृत्तालेखात हेच करायचे तर प्रत्येक पाकळीचे दोन तुकडे करावे लागले असते, आणि अकराच्या बावीस पाकळ्या झाल्या असत्या.

मला अजून न पटलेला निर्णय

वेतन हे वेगळे मुख्य शीर्ष ठेवावे की नाही, यावर आमची दोन दिवस चर्चा झाली. १५ कोटींपैकी ६ कोटी सफाई कर्मचाऱ्यांचे वेतन होते. ते स्वच्छतेत घातले तर स्वच्छता ९ वरून १५ कोटींची होते आणि शहराचा सर्वांत मोठा खर्च ठरते. वेतनाचे खोके ९ कोटींपर्यंत आक्रसते. रक्कम तीच, एकूण तेच, पण शीर्षांची मांडणी वेगळी आणि म्हणून चित्र पूर्ण वेगळे. ‘पगारातच सगळे जाते’ ही तक्रार पहिल्या चित्रातून बळावते. दुसऱ्या चित्रात तोच पगार सकाळी रस्ता झाडणाऱ्या माणसाच्या कामाशी जोडलेला दिसतो. माझा कल दुसऱ्याकडे होता. लेखापाल मॅडमचे म्हणणे असे की चित्रातील प्रत्येक आकडा पुस्तिकेतील गोषवाऱ्याशी जुळलाच पाहिजे, नाहीतर लेखापरीक्षणात आणि सभेत दोन हिशेब उभे राहतील. हा आक्षेप मला खोडता आला नाही. वेतन वेगळेच राहिले. त्याच्या पोटात ‘सफाई कर्मचारी ६’ हे खोके मात्र स्वच्छतेच्या बाजूच्या कडेला ठेवले.

गेल्या वर्षीचा ट्रीमॅप शेजारी छापावा ही सूचना मात्र आम्ही लगेच नाकारली. रकमेच्या क्रमाने रचना होत असल्याने एखादे शीर्ष थोडे वाढले तरी खोकी जागा बदलतात. पाणी १२ वरून १५.५ कोटी झाले असते तर ते वेतनाच्या वर गेले असते आणि वाचणाऱ्याला बदल रकमेत झाला की फक्त जागेत, हे कळले नसते. शिवाय तूट किंवा मागील वर्षाच्या तुलनेतली घट ही ऋण संख्या असते, आणि ऋण क्षेत्रफळाचे खोके काढता येत नाही. वर्तुळाची पाकळीही नाही. मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज ही तुलना पान दोनवर साध्या आडव्या स्तंभांनी दिली.

वृत्तालेखाला मिळालेली जागा

मुख्याधिकाऱ्यांचा वृत्तालेख शेवटी मालमत्ता कराच्या मागणी बिलाच्या मागच्या बाजूला आला. तेथे एकरंगी छपाई असते आणि मोकळी जागा ६ बाय ६ सेंटीमीटर. एवढ्या जागेत ट्रीमॅपमधील एक टक्क्याच्या खोक्याला ०.३६ चौरस सेंटीमीटर मिळतात, आणि त्यात एक अक्षरही वाचता येत नाही. मोबाइलवरही जवळपास हीच स्थिती होते. बिलावर कर भरणाऱ्याला चाळीस लेखाशीर्षे नको असतात. ‘माझ्या एका रुपयातले किती कोठे’ एवढेच हवे असते. वेतन चार आणे, पाणी २० पैसे, रस्ते १९, स्वच्छता १५ आणि उर्वरित २१ पैसे अशा पाच पाकळ्या काढल्या, नावे आणि पैसे पाकळ्यांच्या बाहेर लिहिले आणि सूची ठेवली नाही. वेतन बाराच्या काट्यापासून सुरू केले, म्हणजे त्याचा काटकोन तिनाच्या काट्यापर्यंत सरळ दिसतो. ‘इतर’ हा शब्द टाळून त्या पाकळीखाली सातही शीर्षांची नावे बारीक अक्षरांत दिली. त्यात सर्वांत शेवटी दिव्यांग कल्याण आहे, तारांकनासह.

ट्रीमॅप पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापला गेला आणि त्याचाच मोठा फलक सभागृहाबाहेर लागला. फलक ४ बाय ३ फुटांचा असल्याने तेथे एका कोटीला २९ चौरस इंच मिळाले, आणि टँकरच्या ०.६ कोटींचे खोकेही तळहाताएवढे झाले. सभेच्या दिवशी लोक सर्वांत जास्त वेळ पाण्याच्या खोक्यासमोर उभे होते.